‘एक नंबर’मधला ‘नो’
मराठी-इंग्रजी मिश्र मजकूर भावविश्लेषणासाठी तयार करण्याविषयी

मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो आणि संध्याकाळपर्यंत समाजमाध्यमांवर त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं, त्याची भाषा साधारण अशी असते:

```
1 no acting 🔥🔥 pan story madhe dum nhi.. 2nd half la zopach aali yaarrr 😂
```

हे वाक्य नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण मराठी वाचणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. लिपी रोमन, व्याकरण मराठी, नामं निम्मी इंग्रजी, आणि मधूनमधून चित्रं. वाचताना कुठे अडत नाही. अभिनय आवडला, कथेत दम नव्हता, उत्तरार्धात झोप आली. एकूण कौल नापसंतीचा. हाच कौल हजारो वाक्यांमधून संगणकाकडून काढून घ्यायचा, त्याला भावविश्लेषण म्हणतात. बहुधा प्रत्येक वाक्याला सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असा शिक्का मारायचा असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय तो शिक्का मारणारं मॉडेल नाही. मॉडेलपुढे वाक्य जाण्याआधी त्याच्यावर जे संस्कार होतात, म्हणजे लिपी बदलणं, स्पेलिंग एकसारखी करणं, निरुपयोगी वाटणारा मजकूर गाळणं, त्यांची ओळख इथे करून द्यायची आहे. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत या कामाला सरसकट ‘क्लीनिंग’ म्हटलं जातं आणि ठरलेल्या पाचसहा पायऱ्यांनी ते उरकलंही जातं. मिश्र मराठीत त्याच पायऱ्या त्याच क्रमाने चालवल्या, तर वाक्याचं मतच बदलून जातं.

वरच्या वाक्यावरच ते पाहता येतं. नेहमीची पद्धत अशी: अक्षरं लहान करा, आकडे काढा, चिन्हं आणि इमोजी काढा, मग वारंवार येणारे ‘बिनमहत्त्वाचे’ शब्द, म्हणजे स्टॉपवर्ड, गाळा. आकडे काढताच `1 no` मधला `1` जातो आणि पुढे उरतं `no acting`. मराठीतलं सर्वांत मोठं कौतुक इंग्रजी नकार होऊन बसतं. त्यानंतर इंग्रजी स्टॉपवर्डची यादी चालवली, तर `no` सुद्धा गळतो. एनएलटीके या प्रचलित साधनसंचाच्या यादीत तो आहे. आता कौतुकही नाही आणि नकारही नाही. पुढे मजकूर देवनागरीत आणून मराठी स्टॉपवर्डची यादी लावली, की ‘पण’, ‘मध्ये’, ‘ला’ आणि बहुतेक वेळा ‘नाही’ हेही निघून जातात. मग ‘स्टोरी मध्ये दम नाही’चं काय होतं? ‘स्टोरी दम’. कथेत नसलेला दम साफसफाईने भरून काढला.

यात कोणतीही पायरी मुळात चुकीची नाही. बातम्यांचं विषयवार वर्गीकरण करायचं असेल, तर ‘नाही’ आणि ‘पण’ गाळून फार बिघडत नाही. भावविश्लेषणात मात्र सगळा भार याच लहान शब्दांवर असतो. नाही, नको, नये, नव्हता, नसतो, नकोस अशी मराठी नकाराची रूपं पुष्कळ आहेत. रोमन लिपीत त्यांतल्या एकेकाची चारपाच स्पेलिंगं होतात: `nahi`, `nhi`, `nai`, `nay`, `naahi`. त्यातच ‘छान आहे ना’ मधला `na` नकार नसतो, होकाराची अपेक्षा असते. म्हणून नकारवाचक शब्द आणि ‘पण’, ‘तरी’, ‘फक्त’ यांसारखे वाक्याची दिशा फिरवणारे शब्द स्टॉपवर्डच्या यादीतून हाताने बाहेर काढणं, हे या कामातलं पहिलं पाऊल.

दुसरं पाऊल, आकड्यांना हात लावण्याआधी ‘एक नंबर’सारखे ठरीव प्रयोग बांधून घेणं. नियम लहानसा आहे:

```python
s = re.sub(r"(?i)\b(?:1|ek)\s*(?:no|number)\b\.?", "ek_number", s)
```

पण या नियमालाही पहारा लागतो. ‘`1 no platform var gardi aahe`’ या वाक्यात कौतुक नाही, फलाटाचा क्रमांक आहे. मागेपुढे प्लॅटफॉर्म, गेट, वॉर्ड असे शब्द असतील तर नियम लावायचा नाही, एवढी अट घातली तरी बराच गोंधळ टळतो.

आता भाषा ओळखण्याकडे वळू. मिश्र वाक्यात कोणता शब्द मराठी आणि कोणता इंग्रजी हे शब्दाशब्दाला ठरवावं लागतं, कारण लिप्यंतराचं यंत्र मराठी शब्दांवरच चालवायचं असतं. शब्दकोशात शोधून हे काम होईल असं वाटतं, पण `he`, `hi`, `to`, `me`, `are`, `bag`, `hot`, `sang`, `made`, `pan` ही दहा अक्षररूपं पाहा. इंग्रजी कोशात ती सगळी सापडतात. मराठी माणसाने लिहिली असतील, तर ती हे, ही, तो, मी, अरे, बघ, होत, सांग, मध्ये आणि पण असण्याचा संभव मोठा. ‘`download hot nahi`’ मधल्या `hot` चा उष्णतेशी संबंध नाही आणि ‘`pune made`’ मधल्या `made` चा उत्पादनाशी नाही. इंग्रजी स्टॉपवर्डची यादी आधी चालवली, तर हे, तो, मी, अरे हे मराठी शब्द इंग्रजी समजून गाळले जातात. शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही, म्हणून भाषा ओळखण्यासाठीही संदर्भ वाचणारं, हाताने खुणा केलेल्या वाक्यांवर शिकवलेलं वेगळं मॉडेल लागतं.

त्यात आणखी एक गाठ मराठीच्या घडणीतली आहे. मराठी बोलणारा माणूस इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवत नाही, त्याला विभक्ती लावतो: `officela`, `trainchya`, `moviet`, `actorni`. असा शब्द धड इंग्रजी नाही, धड मराठीही नाही. त्याला ‘इंग्रजी’ अशी खूण केली तर प्रत्यय हरवतो, ‘मराठी’ म्हटलं तर लिप्यंतराचं यंत्र मूळ शब्दापासूनच चुकतं. अशा शब्दांसाठी ‘मिश्र’ अशी तिसरी खूण ठेवावी आणि प्रत्यय तोडून घ्यावा: `office` + `la`. नमुन्याच्या वाक्यात लिहिणाऱ्यानेच `2nd half la` असं सुटं लिहून हे काम हलकं केलं आहे. सगळेच तसं लिहीत नाहीत.

लिप्यंतर हा यातला सर्वांत खोल डोह. आयट्रान्ससारख्या पद्धतींमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरावीक रोमन चिन्ह असतं. तिथे उलटसुलट रूपांतर यंत्रवत होतं. फोनवर लिहिणारा माणूस कुठलीच पद्धत पाळत नाही. त्याच्या `t` मध्ये त आणि ट, `d` मध्ये द आणि ड, `n` मध्ये न आणि ण, `l` मध्ये ल आणि ळ सामावलेले असतात. ऱ्हस्वदीर्घ तर अंदाजानेच लावायचे. `mala` म्हणजे मला, मळा की माळा? `pan` म्हणजे पण की पान? `kela` म्हणजे केला, केलं की केळं? आणि `maza` हा शब्द ‘`maza phone`’ मध्ये माझा असतो, तर ‘`khup maza aali`’ मध्ये मजा. भावविश्लेषणासाठी या शेवटच्या जोडीतला फरक महत्त्वाचा, कारण ‘मजा’ मत सांगते आणि ‘माझा’ सांगत नाही.

अशा लिप्यंतरासाठी आज शिकवलेली यंत्रं मिळतात. गूगलने २०२० मध्ये ‘दक्षिणा’ हा संग्रह खुला केला. त्यात मराठीसह दक्षिण आशियातल्या १२ भाषांमधल्या शब्दांची लोकांनी केलेली रोमन रूपं आहेत. आयआयटी मद्रासच्या ‘एआय४भारत’ गटाने २०२२ मध्ये ‘अक्षरांतर’ हा २१ भाषांमधल्या सुमारे २ कोटी ६० लाख शब्दजोड्यांचा संग्रह आणि त्यावर शिकवलेलं `IndicXlit` हे मॉडेल दिलं. असं मॉडेल एका रोमन शब्दासाठी पसंतीक्रमाने अनेक देवनागरी पर्याय देऊ शकतं. नवखे लोक पहिला पर्याय उचलून पुढे जातात. मॉडेल एकेक सुटा शब्द पाहतं, शेजारचे शब्द पाहत नाही. `maza` चा निकाल ते वाक्याकडे न बघता लावणार. म्हणून पहिले तीनचार पर्याय घ्यावेत आणि त्यांतला कोणता या वाक्यात बसतो हे मराठी भाषेच्या मॉडेलकडून ठरवून घ्यावं.

यंत्राकडे शब्द देण्याआधी त्याचं रोमन रूपही थोडं सावरावं लागतं. `nhi` तसाच दिला तर ‘न्ही’ मिळण्याची भीती असते. `yaarrr`, `khuuup`, `mastttt` यांतली ताणलेली अक्षरं आवरायची, पण किती? तीन किंवा त्याहून जास्त अक्षरं एकावर आणली, तर `gooood` चा `god` होतो. दोनवर आणली तर `khuup` उरतो. वापरण्याजोगा मार्ग असा की ताण दोन अक्षरांवर आणायचा, मग दोन अक्षरी आणि एक अक्षरी अशी दोन्ही रूपं शब्दसूचीत शोधायची आणि जे सापडेल ते घ्यायचं. अक्षर ताणलं गेलं होतं ही माहिती मात्र वेगळ्या रकान्यात नोंदवून ठेवावी. ‘खूप’ आणि ‘खूऊऊप’ यांत तीव्रतेचा फरक असतो, आणि तो लिहिणाऱ्याने मुद्दाम केलेला असतो.

लिप्यंतराने माहिती वाढते असा समज असतो. कधीकधी ती कमी होते. `busla` म्हणजे ‘बसगाडीला’ आणि `basla` म्हणजे ‘खाली बसला’. रोमन लिपीत हे दोन शब्द वेगळे दिसतात. देवनागरीत आणले की दोन्ही ‘बसला’. यासाठी मूळ वाक्य कधीही पुसू नये. मूळ मजकूर, भाषेच्या खुणा, लिप्यंतर आणि प्रमाणित रूप हे चार रकाने शेजारी शेजारी ठेवले, तर चूक कोणत्या टप्प्यावर शिरली ते मागे जाऊन बघता येतं.

देवनागरीत पोहोचलं की संकट संपलं असं मात्र नाही. इथे खुद्द साधनं दगा देतात. पायथॉनमध्ये शब्द वेगळे करायला सर्रास वापरली जाणारी ही ओळ पाहा:

```python
>>> re.findall(r"\w+", "नाही छान मराठी")
['न', 'ह', 'छ', 'न', 'मर', 'ठ']
```

पायथॉनच्या `re` ला काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही चिन्हं शब्दाचा भाग वाटत नाहीत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. सायकिट-लर्न या ग्रंथालयातलं `CountVectorizer` हे शब्द मोजणारं साधन मूळ मांडणीत याच तऱ्हेने शब्द तोडतं आणि वर दोनपेक्षा कमी अक्षरांचे तुकडे फेकून देतं. परिणामी ‘नाही’ आणि ‘छान’ पूर्णपणे नाहीसे होतात, ‘मस्त’चा ‘मस’ होतो, ‘वाईट’चं ‘ईट’ आणि ‘झोपच’चं ‘पच’. कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही, आकडेमोड शेवटपर्यंत सुरळीत चालते. निकाल सुमार आला की दोष मराठीच्या क्लिष्टतेला दिला जातो. उपाय सोपा आहे: `re` ऐवजी `regex` हे पॅकेज वापरावं, किंवा शब्द मोकळ्या जागेवर तोडावेत आणि `CountVectorizer` ला तसं स्पष्ट सांगावं.

दुसरा धोका युनिकोडचा. ‘ॲक्टिंग’मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर आहे, पण अनेक कळफलकांवर तोच आवाज ‘अ’ला चंद्र जोडून किंवा हिंदीतला ‘ऍ’ वापरून लिहिला जातो. डोळ्यांना जवळपास सारखी दिसणारी ही तीन रूपं संगणकाला तीन वेगळे शब्द वाटतात. एनएफसी हे युनिकोडचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही, त्यासाठी स्वतःची जुळणी लिहावी लागते. तसंच अर्ध्या ‘ऱ’चं. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिला शब्द कधी ‘ऱ’ हे अक्षर घेऊन लिहिलेला असतो, कधी साध्या ‘र्’नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. न दिसणारी चिन्हं सरसकट काढली की दुसऱ्या प्रकारच्या दऱ्यांचा दर्या होतो. नुक्ते काढून टाकणारी सोय, जी हिंदी-उर्दू मजकुरासाठी ठेवलेली असते, चालू राहिली तर पहिल्या प्रकारचीही तीच गत. तेच न दिसणारं जोडचिन्ह कुटुंबासारखे काही इमोजीही बांधून ठेवतं. ते गेलं की एका चित्राची तीन चित्रं होतात. म्हणून आधी ‘र्’ + जोडचिन्ह यांचं ‘ऱ्’मध्ये रूपांतर करावं, इमोजींना नावं द्यावीत आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं झाडावीत. पायरीचा क्रम हा इथे पायरीइतकाच महत्त्वाचा.

आता प्रमाणीकरण कुठे थांबवायचं हा प्रश्न. `nhi`, `nai`, `naahi` यांना ‘नाही’वर आणणं म्हणजे स्पेलिंग जुळवणं. ‘लय भारी’चं ‘खूप छान’ करणं म्हणजे भाषांतर, आणि तो अधिकार तयारी करणाऱ्याला नाही. ‘लय’, ‘नाय’, ‘जबरा’, ‘बेक्कार’ यांना स्वतःचा जोर आहे. ‘केलं’ आणि ‘केले’ एकत्र आणायला हरकत नाही, कारण त्यांत मताचा फरक नाही. कसोटी एकच ठेवावी: दोन रूपांच्या बदलाने वाक्याचा कौल किंवा त्याचा जोर बदलत असेल, तर ती रूपं वेगळीच राहू द्यावीत.

काही प्रयोग तर शब्दशः वाचले की उलटा अर्थ देतात. ‘विषय हार्ड’ ही वाहवा आहे. ‘नाद खुळा’ हीसुद्धा. ‘नाद करायचा नाय’ यात नकार आहे आणि तरी ते कौतुकच. ‘जाळ अन् धूर संगटच’ यात आग लागलेली नाही. हे प्रयोग ‘एक नंबर’सारखेच आधी बांधून घ्यावेत आणि त्यांची यादी अधूनमधून ताजी करावी, कारण ती दर वर्षी बदलते. इमोजींचंही तसंच: 😂 काढला तर ‘झोपच आली’मधली थट्टा जाते, आणि 🙏 विनंती, आदर किंवा ‘आता पुरे’ यांपैकी काहीही असू शकतो. त्यांचा अर्थ तयारीच्या टप्प्यावर ठरवू नये, फक्त त्यांना टिकवावं.

नमुन्याचं वाक्य या वाटेने गेलं की असं बाहेर पडतं:

```
ek_number acting <fire> <fire> पण story मध्ये दम नाही .. 2nd half ला झोपच आली यार <tears_of_joy>
```

इंग्रजी शब्द रोमनमध्येच राहिले, मराठी शब्द देवनागरीत आले, कौतुक, ‘पण’ आणि नकार तिन्ही जागेवर आहेत. सगळं वाक्य एकाच लिपीत आणावं की असं दुहेरी ठेवावं, हे पुढच्या मॉडेलवर अवलंबून आहे. गूगलच्या ‘मुरिल’ या मॉडेलला शिकवताना रोमन लिपीतला भारतीय भाषांचा मजकूरही दिला होता. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२१ मध्ये देवनागरी मराठी ट्वीट्सचा `MahaSent` हा संग्रह दिला. त्यानंतर २०२३ मध्ये त्यांनी खास मिश्र मराठीसाठी एक कोटी वाक्यांचा `MeCorpus`, त्यावर शिकवलेलं `MeBERT`, आणि हाताने शिक्के मारलेल्या सुमारे १२ हजार ट्वीट्सचा `MeSent` प्रसिद्ध केला. ज्या मॉडेलने `nhi` आणि `khuuup` लाखो वेळा पाहिलेले आहेत, त्याच्यासाठी वर सांगितलेला बराचसा खटाटोप अनावश्यक, कदाचित अपायकारकही ठरतो. देवनागरी मराठीवर वाढलेल्या मॉडेलला मात्र तोच खटाटोप जीवनदान देतो.

त्यामुळे ‘तयारी चांगली झाली का’ याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. तीन तपासण्या पुरतात. पहिली, नकारवाचक शब्दांची मोजणी तयारीच्या आधी आणि नंतर करावी. संख्या घटली असेल तर कुठेतरी ‘नाही’ गळतो आहे. दुसरी, एकच मॉडेल मूळ मजकुरावर आणि तयार मजकुरावर वेगवेगळं शिकवून निकाल ताडून पाहावेत. तयार मजकूर मागे पडला तर पायऱ्या एकेक करून काढाव्यात. तिसरी तपासणी सारख्या वाक्यांची. एकच मजकूर रोमन आणि देवनागरी अशा दोन रूपांत फिरत असतो. लिप्यंतरानंतर त्या जुळ्यांची ओळख पटते. त्यांतलं एक शिकवण्याच्या भागात आणि दुसरं परीक्षेच्या भागात राहिलं, तर मॉडेलचे गुण खोटे फुगतात.

मानवी शिक्क्यांबाबत एक पथ्य इथेच नोंदवायला हवं. शिक्का मारणाऱ्या माणसाला नेहमी मूळ वाक्य दाखवावं, तयार केलेलं नव्हे. ‘स्टोरी दम’ वाचून दिलेला शिक्का यंत्राच्या चुकीला माणसाची सही मिळवून देतो. ‘वा, छान! अजून दोन तास उशिरा सोडा गाडी’ यातला उपरोध तर तयारीच्या कोणत्याही पायरीला दिसत नाही. तो माणसालाच ओळखावा लागतो, आणि दोन माणसांचं त्यावर एकमत होईल याचीही खात्री नसते. अशी वाक्यं आणि ‘अभिनय चांगला, कथा वाईट’ असा दुहेरी कौल देणारी वाक्यं यांच्यासाठी शिक्के मारण्याआधी लेखी नियम ठरवून घ्यावेत.

हे काम हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला एवढंच सांगणं आहे: कोणतंही साधन चालवण्याआधी आपल्या संग्रहातली दोनशे वाक्यं मोठ्याने वाचा आणि ती कुठल्या शब्दावर वळतात तो शब्द अधोरेखित करा. तयारी झाल्यावर तेच दोनशे शब्द जागेवर आहेत का ते बघा. त्यांतले जे गायब झाले असतील, तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.